सेल्फीवरून कुणबी साडीतला कार्टून डीपी: चेहरा आपला राहायला हवा आणि चौकडा चौकडाच

प्रश्न: ताई, माझ्या सेल्फीवरून कार्टून डीपी करायचाय, अंगात आजीची लाल चौकड्याची कुणबी साडी, खांद्यावर गाठ, केसात अबोली. फिल्टरच्या ॲपमधून केला तर चेहरा भलत्याच कोणाचा वाटतो आणि साडीचा नुसता गुलाबी चिखल होतो. चवथीच्या आधी फुगडीच्या ग्रुपवर लावायचाय. फोनवर आयबिसपेंट आहे, बोटानेच काढते. जमेल का?

उत्तर:

जमेल गो, पण आधी तो सेल्फी बाजूला ठेव, कारण अर्धी गडबड तिथेच आहे. हात लांब करून काढलेल्या फोटोत फोन चेहऱ्यापासून फार तर दीड फुटावर असतो, बहुतेक वेळा त्याहून जवळ, आणि इतक्या जवळून नाक कानापेक्षा कॅमेऱ्याच्या बरंच जवळ पडतं म्हणून ते फुगतं, कपाळ पुढे येतं, कान मागे पळतात. २०१८ साली अमेरिकेत काही डॉक्टरांनी याचं गणित मांडलं होतं, १२ इंचांवरून घेतलेल्या फोटोत नाक चेहऱ्याच्या मानाने साधारण ३० टक्के रुंद दिसतं आणि ५ फुटांवरून हा फरक जवळजवळ उरतच नाही. लेन्सला उगाच दोष देतात, खरा खेळ अंतराचा. आता कार्टून म्हणजे जे ठळक आहे ते आणखी ठळक करायचं, मग तू त्या फुगलेल्या नाकालाच ठळक करून बसतेस आणि वर म्हणतेस की हा चेहरा माझा नाही. म्हणून फोन कशावर तरी टेकव, डोळ्यांच्या उंचीला, टायमर लाव, पाच-सहा फूट मागे जाऊन उभी राहा आणि नंतर फोटो कापून घे. कापल्यावर रिझोल्यूशन कमी होतं त्याची काळजी नको, आपल्याला त्यावरून रेघ काढायचीय, तो छापायचा नाहीये.

फोटो काढतानाच साडी नेसून घे. हे सांगायचं कारण, लोक चेहऱ्याचा एक फोटो घेतात, साडीचा दुसरा कुठून तरी उचलतात आणि मग मान जुळत नाही. सेल्फी हात वर करून काढलेला असतो, म्हणजे कॅमेरा वरून बघतोय, खांदे लहान आणि खाली गेलेले, हनुवटीने गळा झाकलेला. साडीचा फोटो मात्र समोरून छातीच्या उंचीवरून. दोन्ही चिकटवले की डोकं धडावर ठेवल्यासारखं दिसतं आणि काय चुकलंय ते कळत नाही, माणूस रंगच बदलत बसतो. एकाच फोटोत दोन्ही असेल तर हा प्रश्नच येत नाही. उजेड सोप्यावरचा घे, ऊन थेट अंगावर नको, एका बाजूने मऊ उजेड आला की नाकाची, गालाची सावली एकाच बाजूला पडते आणि पुढे रंगवताना विचार करावा लागत नाही. पावसाळी दिवस असेल तर उत्तमच.

आता आरशाची भानगड. पुढच्या कॅमेऱ्यात स्क्रीनवर आपण उलटे दिसतो, आणि काही फोन तसाच उलटा फोटो सेव्ह करतात, काही सुलटा करून करतात, सेटिंगवर असतं. नुसत्या चेहऱ्याला याने काही बिघडत नाही, पण तुझ्या डीपीत गाठ आहे. गाठ एका ठराविक खांद्यावर असते, पदर ठराविक दिशेने जातो, फोटो उलटा असेल तर गाठ दुसऱ्या खांद्यावर जाते आणि ग्रुपवरच्या बायकांच्या ते एका क्षणात लक्षात येईल, तुला मात्र येणार नाही कारण तू स्वतःला आरशातच बघत आलीयेस. ओळखायचं कसं तर गालावरचा तीळ, केसांचा भांग, नाहीतर सरळ गाठ नेसताना कुठे बांधली ते आठव. रेघ मारायच्या आधी फोटो सुलटा कर. सगळं झाल्यावर चित्र फ्लिप केलंस तर चेहरा आणि गाठ दोन्ही फिरतात, मग एकाला सुधारताना दुसरं बिघडतं. आजी घरात असेल तर गाठीचा जवळून एक वेगळा फोटो तिच्याकडूनच बांधून घेऊन काढ, देठली म्हणजे ही गाठ कशी बसते, टोकं किती बाहेर येतात हे आठवणीतून काढता येत नाही.

कॅनव्हास २०४८ बाय २०४८ घे. सगळ्यात वरच्या लेयरवर कॅनव्हासला टेकणारं मोठं वर्तुळ काढ आणि ते शेवटपर्यंत दिसत ठेव, डीपी गोल कापला जातो आणि चौकोनाचा पाचवा हिस्सा कोपऱ्यांतच मरतो. लोकांचं चित्र चौकोनात छान बसतं आणि गोलात गेल्यावर खांदे कापले जातात. तुझ्या बाबतीत खांदा कापला म्हणजे गाठ गेली, मग ती कुणबी साडी आहे हे कळणार कशावरून, कुठलंही लाल चौकड्याचं कापड झालं ते. माझा हिशोब असा असतो: डोक्याचा वरचा भाग कॅनव्हासच्या वरून २५० पिक्सेलवर, हनुवटी १२०० च्या आसपास. खऱ्या प्रमाणात खांदे तेव्हा १७०० पिक्सेलच्या वर रुंद येतात आणि तिथे वर्तुळाची रुंदीही तेवढीच उरलेली असते, म्हणजे कडेला घासतात. म्हणून मानेखालचं शरीर ८० टक्क्यांवर आणायचं. कार्टूनमध्ये डोकं अंगाच्या मानाने मोठं असतंच, त्यामुळे ते विचित्र दिसत नाही, उलट स्टाइल त्यानेच येते, आणि खांदे १४०० च्या आत बसतात. गाठ खांद्याच्या टोकावर न ठेवता गळ्याच्या बाजूला थोडी सरकव, मधल्या रेषेपासून साधारण ५०० पिक्सेलवर, म्हणजे ती गोलात सुखाने बसते.

चेहऱ्याकडे येऊ. फोटोची ओपॅसिटी ३० टक्क्यांवर आण, वर नवा लेयर, आणि सगळ्यात आधी डोळे काढू नको. आधी चेहऱ्याची बाहेरची कड, केसांची कपाळावरची रेघ आणि भुवया. ओळख या तिघांत जास्त असते, डोळ्यांत वाटतं तेवढी नसते. फिल्टरवाल्या ॲपमध्ये होतं काय तर प्रत्येक चेहरा त्याच्या त्याच साच्याकडे ओढला जातो, हनुवटी टोकदार, भुवया सारख्या, नाक लहान, म्हणजे नेमकं जे तुझं ते पुसलं जातं. तू उलटं कर. फोटोकडे बघून स्वतःशी ठरव की या चेहऱ्यात दोन गोष्टी कुठल्या वेगळ्या आहेत, समज जबडा रुंद आहे आणि एक भुवई दुसरीपेक्षा वर आहे, तर तेवढ्याच दोन गोष्टी १०-१५ टक्के वाढव आणि बाकी सगळं जागच्या जागी ठेव. चार-पाच गोष्टी वाढवल्या की ते व्यंगचित्र होतं, डीपी नाही.

डोळे मोठे करायचे असतील (सगळ्यांना करायचे असतात) तर बुबुळाचा मध्य फोटोतल्या जागेवरून हलवायचा नाही, त्याच्याभोवती डोळा वाढवायचा. बहुतेकजण डोळा वाढवताना बाहेरच्या बाजूला ओढतात, मग दोन डोळ्यांतलं अंतर वाढतं आणि चेहरा परका होतो. नाकाची पूर्ण रेघ काढू नको, सावलीच्या बाजूची एक छोटी रेघ आणि खालचा भाग पुरे, दोन्ही बाजूंनी रेघ मारली की वय दहा वर्षांनी वाढतं. दातांच्या मधल्या रेघाही नकोत, एक सलग पांढरा आकार ठेव. अधूनमधून कॅनव्हास उलटा करून बघत जा, चेहरा एका बाजूला कलला असेल तर तेव्हाच दिसतो, पण बघून झालं की परत सुलटा कर.

रंग फोटोतून उचल, गालावरून, जिथे उजेड नेमका आहे तिथून, चमकेवरून नको आणि सावलीतूनही नको. आणि मग उगाच दोन शेड गोरा करू नको, हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे करतात. सावळ्या कांतीवर ही लाल साडी जास्त खुलते हे रंगाच्या दृष्टीनेही खरंय, उजेडाचा फरक नीट राहिला की झालं. मी असे रंग धरून सुरुवात करते, तुझ्या फोटोप्रमाणे बदल:

```
त्वचा        #A9714B
त्वचेची सावली #8F5C40
साडी लाल     #A8232B
चौकडा रेघ    #F1E3CF
केस          #2A1E1C
मागचा रंग    #CFE3D8
```

सावलीचा रंग मुद्दाम फार गडद घेतलेला नाही. हनुवटीखाली मानेवर सावली पडते आणि तिथेच साडीचा काठ येतो, सावली जर `#7E4E36` एवढी गडद घेतलीस तर रंगीत चित्रात ते ठीक वाटतं पण चित्र काळंपांढरं करून बघ, मान आणि साडी जवळजवळ एकाच राखाडीत मिसळतात आणि लहान डीपीत डोकं सरळ कपड्यातून उगवल्यासारखं दिसतं. तपासायला सगळ्यात वर एक लेयर पूर्ण करड्या रंगाने भर, त्याचा ब्लेंड मोड `Saturation` कर, सगळं काळंपांढरं दिसेल, बघून झालं की तो लेयर बंद कर. मानेपाशी अडचण वाटली तर गळ्यात मण्यांची एक माळ टाकायची, ती हद्द आखून देते. सावलीसाठी वेगळा लेयर `Normal` मोडवरच, त्वचेच्या लेयरला `Clipping` करून, म्हणजे रंग कडेबाहेर सांडत नाही. सावलीचा एकच थर ठेव, दोन-तीन थरांची मऊ सावली लहान आकारात मळकट दिसते.

आणि आता चिखल. साडीचा गुलाबी चिखल का होतो हे एकदा कळलं की पुढे कुठलीही साडी काढता येते. चॅटच्या यादीत डीपी केवढासा दिसतो बघ, नखाएवढा, आपण ९६ पिक्सेल धरून चालू. २०४८ चे ९६ केले म्हणजे तुझे २१ पिक्सेल मिळून तिथे एक पिक्सेल होतो. आजीच्या साडीचा चौकडा समज एक सेंटिमीटरचा आहे, तर वरच्या मापाने तो चित्रात ३५-४० पिक्सेलचा येतो, म्हणजे डीपीत दोन पिक्सेलसुद्धा नाही, आणि त्यातली पांढरी रेघ तर एका पिक्सेलच्याही आत. मग फोन काय करतो, लाल आणि पांढरा मिसळून सरासरी काढतो, ती सरासरी गुलाबी. काही ठिकाणी रेघा आणि पिक्सेल यांची गाठ विचित्र पडते आणि साडीवर लाटा लाटा दिसतात, त्याही त्यातूनच. म्हणून खऱ्या मापाचा चौकडा काढायचाच नाही. चौकडा १३० पिक्सेलचा कर आणि रेघ ३० ची, म्हणजे नखाएवढ्या डीपीतही चौकडा सहा पिक्सेलचा आणि रेघ एकाहून जास्त राहते, चौकडा म्हणून ओळखू येतो. छातीवर आडवे आठ-दहा चौकडे येतील फक्त. मोठ्या कॅनव्हासवर तुला वाटेल की साडी टेबलक्लॉथसारखी दिसतेय, तिकडे दुर्लक्ष कर, लोक ती कॅनव्हासवर बघणार नाहीत. खऱ्या साडीत मधल्या बारीक रेघाही असतात, त्या सोडून द्यायच्या.

चौकडा थेट अंगावर काढू नको. वेगळ्या लेयरवर सरळ, सपाट, जाळीसारखा मोठा तुकडा एकदाच तयार कर आणि त्याच्या कॉप्या करून ठेव. मग साडीचे भाग पाड: छातीवरून जाणारा पदर एक भाग, खांद्यावरचा एक, गाठ एक, गाठीची टोकं एक. प्रत्येक भागाचा लाल आकार आपापल्या लेयरवर, आणि त्यावर जाळीची एक कॉपी `Clipping` करून, कापड ज्या दिशेने ओढलंय त्या दिशेला फिरवून. छातीवर पदर तिरका जातो म्हणून जाळी तिरकी, खांद्यावर जवळजवळ सपाट, गाठीवर ती आवळलेली असते म्हणून जाळी थोडी लहान करून जास्त तिरकी. मेश फॉर्मने थोडा फुगवटा दिलास तर अंगाची गोलाई येते, पण थोडाच, रेघा सापासारख्या वळायला लागल्या की थांब. खरी खूण ही की एका भागातून दुसऱ्या भागात जाताना रेघ तुटली पाहिजे. कापड दुमडतं तिथे चौकडे जुळत नाहीत, आणि सगळी जाळी एकसंध दिसली तर साडी अंगावर नसून पुठ्ठ्यावर छापल्यासारखी वाटते. ॲपवाल्या चित्रात बहुतेकदा हेच झालेलं असतं. दोन भागांच्या सांध्यावर गडद लाल रंगाची एक जाड चुणी मार, `#7A1620` वगैरे, आणि गाठीखाली त्याच रंगाची छोटी सावली, गाठ लगेच वर उठून येते. गाठीला एकूण तीन आकार पुरे, मधला आवळलेला आणि दोन टोकं, आणि तीही खऱ्यापेक्षा दीडपट मोठी काढ.

ब्लाउज कुठला दाखवायचा हे आजीला विचार, जुन्या पद्धतीत ही साडी आखूड आणि बिनब्लाउजची नेसत असत, पुढे ब्लाउज आला, आणि आपल्या चित्रात फक्त खांद्यापर्यंतच दिसतंय. फॅशन डिझायनर वेन्डेल रॉड्रिक्स यांनी या साडीला नवं रूप दिल्यानंतर ती बऱ्याच रंगांत दिसायला लागली, तेव्हा गूगलवर संदर्भ शोधशील तर हिरवी, करडी असंही काही येईल, तू आजीच्या लालवरच राहा.

अबोलीचं सोपं आहे. एकेक फूल काढायचं नाही, फातीचा, म्हणजे गजऱ्याचा, एक जाड केशरी पट्टा केसात, कडेला थोडा खाचाखाचांचा, वर चार-पाच फिकट ठिपके. फाती आंबाड्याला मागे माळलेली असेल तर समोरून दिसणारच नाही, म्हणून मान किंचित वळव किंवा फाती कानामागून थोडी पुढे आण. एक बघ, केशरी पट्टा साडीच्या लालला कुठे टेकू देऊ नको, मध्ये काळे केस राहू देत. कारण चॅट ॲप चित्र अपलोड करताना ते जेपेगमध्ये दाबतं, आणि त्या दाबण्यात उजेडाचा फरक बऱ्यापैकी बारीक जपला जातो पण रंगाचा फरक साधारण निम्म्या बारकाईने, म्हणून लालला चिकटून केशरी आलं की कड विरघळते. चौकड्याची रेघ फिकट घेतली तीही याचसाठी, लालवर पिवळी किंवा केशरी रेघ मोठ्या स्क्रीनवर सुंदर दिसते आणि अपलोड झाल्यावर पुसट होते. मागचा रंग एकच सपाट ठेव, अझुलेजोच्या टाइल्स, माड, समुद्र असं काही घालायचा मोह होईल, चौकड्यामागे दुसरी नक्षी आली की दोन्ही मरतात.

मधेमधे चित्राची एक कॉपी ९६ बाय ९६ ची करून गॅलरीत झूम न करता बघ, निदान तीन वेळा: नुसत्या रेघा झाल्यावर, रंग भरल्यावर, आणि चौकडा बसल्यावर. पहिल्या वेळी भुवया आणि जबडा कळतोय का बघायचं, रेघ दिसेनाशी झाली तर ब्रश २४ च्या वर ने. शेवटचं चित्र वर्तुळाचा लेयर बंद करून पीएनजीमध्ये काढ, १०८० बाय १०८० पुरे. ते पीएनजी स्वतःलाच चॅटवर पाठवून परत डाउनलोड करून डीपीला लावू नको, तेवढ्यात एकदा दाबलं जातं आणि डीपी लावताना परत दाबलं जातं, गॅलरीतूनच थेट लाव.

बोटाने काढायचं तर ब्रशचं स्टॅबिलायझर बऱ्यापैकी वर ठेव आणि लांब रेघ एका दमात मार, हळूहळू ओढलेली रेघ थरथरते. बोटाखाली काय चाललंय ते दिसत नाही म्हणून झूम करून काढायचं आणि दर थोड्या वेळाने पूर्ण बाहेर येऊन बघायचं. रबरी टोकाची स्वस्त पेन मिळते, तिला दाबाचं काही कळत नाही, रेघ बोटासारखीच एकाच जाडीची येते, फक्त हात आड येत नाही, म्हणून घ्यायची तर घे, टॅब वगैरे घ्यायची गरज नाही. आपली रेघ इथे मुद्दाम एकाच जाडीची आहे. साडीचे सगळे लेयर एका फोल्डरमध्ये ठेव, चेहऱ्याचे दुसऱ्या, आणि ॲपमधली मूळ फाइल डिलीट करू नको, फुगडीच्या ग्रुपमधल्या बाकीच्या बायका मागे लागतील तेव्हा साडीचा फोल्डर तसाच उचलून चेहरा तेवढा नव्याने काढायचा. फक्त प्रत्येकीचे खांदे वेगळे असतात, गाठ तेवढी हलवून घे.